इकतची कड: मागावरची आणि बादलीतली

[दृश्य: टेबलावर पसरलेली सुती साडी. पांढऱ्या जमिनीवर लाल चौकोन, प्रत्येकाच्या आत लहान काळा चौकोन, दोन्ही बाजूंना लाल काठ. कॅमेरा एका चौकोनापाशी थांबतो.]

ही सुती इकत साडी. तेलंगणातल्या पोचमपल्लीत हातमागावर विणलेली, पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर विकत घेतलेली आणि अजून एकदाही पाण्यात न गेलेली. काठ डाव्या-उजव्या हाताला येतील अशी ती धरा आणि हा एकच चौकोन नीट बघा. त्याची वरची आणि खालची कड सरळ, स्वच्छ आहे. डावी आणि उजवी कड मात्र पिसासारखी फुटलेली दिसते. एका धाग्यात लाल रंग थोडा आधी संपतो, शेजारच्या धाग्यात थोडा पुढे जाऊन संपतो.

दुकानात ही कड पाहून अनेकांना वाटते, की रंग फुटला आहे. पुढे घरी पहिल्या धुण्यात पांढऱ्या जमिनीवर खरोखरच लालसर झाक आली, की तीच मंडळी म्हणतात, इकत असेच असते. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. पहिली कड मागावर तयार होते आणि ती त्या कापडाची खूण आहे. दुसरी आपल्या बादलीत तयार होते आणि ती टाळता येते. दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो, फक्त कुठे बघायचे ते माहीत हवे.

[दृश्य: पैठणीचा पदर. सुईच्या टोकाने मोराच्या कडेवरचा धागा दाखवला जातो.]

आपल्या ओळखीच्या पैठणीपासून सुरुवात करू. पैठणीतल्या मोराची कड रेखीव असते, कारण तिथे प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळा असतो. हिरवा धागा मोराच्या कडेपर्यंत येतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंततो आणि मागे फिरतो. रंग बदलतो तिथे धागाच बदलतो.

इकतमध्ये धागा बदलत नाही. एकच धागा साडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि त्याच धाग्यावर पांढरा, लाल, काळा, पुन्हा लाल, पुन्हा पांढरा असे तुकडे असतात. हे तुकडे विणण्याआधीच रंगवलेले असतात. बांधणीशी याची गल्लत होते. बांधणीत विणून तयार झालेले कापड बांधतात, इकतमध्ये सुटे सूत बांधतात. म्हणून बांधणीच्या ठिपक्याची कड चहूबाजूंनी सारखी असते आणि इकतची कड धाग्याच्या दिशेनेच फुटते.

[दृश्य: पोचमपल्लीतले घर. एका बाजूला एक खुंटी आणि समोर अर्धवर्तुळात अनेक खुंट्या असलेली चौकट.]

पोचमपल्ली हे नाव मराठी माणसाला विनोबांमुळे ठाऊक आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी याच गावात भूदानाची सुरुवात झाली. गावाचे नाव आज भूदान पोचमपल्ली असे लिहितात. ही समोरची चौकट म्हणजे आसू. आपल्या साडीत नक्षी बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात आहे. त्या बाण्याचे सूत बांधण्याआधी एका खुंटीवरून समोरच्या अर्धवर्तुळातल्या खुंटीवर आणि पुन्हा मागे असे फिरवत मांडावे लागते. खुंट्यांमधले अंतर कापडाच्या रुंदीशी जुळवलेले असते. हाताने हे काम करताना एका साडीसाठी सुमारे ९,००० वेळा हात पुढे-मागे न्यावा लागे आणि ते बहुतेक घरातल्या बायकांच्या वाट्याला येई. आलेरजवळचे विणकर चिंतकिंदी मल्लेशम यांनी आईची खांदेदुखी पाहून यासाठी यंत्र तयार केले आणि आईच्या नावावरून त्याला लक्ष्मी आसू म्हटले. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मांडलेल्या सुतावर नक्षीच्या खुणा करतात आणि जो भाग पांढरा राहायला हवा तो घट्ट बांधतात. पोचमपल्लीत यासाठी सायकलच्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या वापरतात. रबर ताणून गुंडाळले की स्वतःहून आवळून बसते. आपल्या साडीसाठी आधी पांढऱ्याची जागा बांधली, मग सूत लाल रंगात बुडवले. लाल वाळल्यावर, लाल राहायला हवी ती जागाही बांधली आणि उरलेला भाग काळ्यात बुडवला. काळा रंग लालवर बसला. फिक्यापासून गडदाकडे हा क्रम उलटा करता येत नाही. शेवटी सगळ्या पट्ट्या सोडल्या आणि सूत तीन रंगांचे झाले.

[दृश्य: पट्टी सुटते. बांधलेल्या जागेचे टोक अगदी जवळून. पांढऱ्यातून गुलाबी, गुलाबीतून लाल.]

कड फुटण्याचे पहिले कारण इथे आहे. पट्टी कितीही घट्ट असली तरी कापसाचे तंतू पाणी ओढतात. तंतूंमधल्या फटींतून रंगाचे पाणी पट्टीखाली एक-दोन मिलिमीटर शिरते. जितके आत जाते तितका त्यातला रंग कमी होतो, म्हणून टोकाला गुलाबी छटा राहते. ही गुलाबी कड मागावरचीच आहे हे लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे. पट्टी सैल पडली, तर रंग बराच आत जातो आणि पांढऱ्याची जागा चिंचोळी होते. जुडगा फार जाड घेतला, तर बाहेरचे धागे आवळले जातात आणि मधले तेवढे आवळले जात नाहीत. मग एकाच गाठीखालच्या धाग्यांची कड वेगवेगळ्या ठिकाणी येते.

जुडग्यामुळे आणखी एक गोष्ट होते. धागे एकेकटे बांधत नाहीत, चार-आठ किंवा त्याहून जास्त एकत्र बांधतात. समजा, एका इंचात ४८ बाणे आहेत आणि आठ-आठ धागे एकत्र बांधले आहेत. मग इंचात नक्षी फक्त सहा वेळा सरकू शकते, म्हणजे साधारण चार-चार मिलिमीटरच्या पायऱ्यांनी. तिरपी रेघ या कापडात पायऱ्यापायऱ्यांची दिसते ती यामुळे. पायऱ्या जितक्या बारीक, तितक्या गाठी जास्त आणि किंमतही जास्त.

[दृश्य: हातमाग. धोटा जातो, विणकर थांबते, बोटाने धागा काठाकडे किंचित ओढते, मग फणी ठोकते.]

दुसरे कारण मागावर आहे. रंगवलेले सूत कांडीवर भरतात, कांडी धोट्यात बसते आणि धोटा ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, आडवा जातो. साडीची रुंदी एक मीटरहून जास्त. एवढ्या लांबीच्या सुती धाग्यावर ओढ अगदी थोडी कमी-जास्त झाली, तरी नक्षी दोन-तीन मिलिमीटर सरकते. म्हणून विणकर प्रत्येक बाण्यानंतर थांबते, लाल तुकडा आधीच्या लालखाली आला का ते बघते आणि धागा काठाकडे जरासा ओढून किंवा ढिला सोडून जुळवते. उरलेला ढिलेपणा काठाशी जातो. साडीच्या काठाजवळ बारीक उलटसुलट रंगाचे ठिपके दिसतात ते याच जुळवणीचे. एवढे करूनही अर्धा-एक मिलिमीटर राहतोच. रंगाचा शिरकाव आणि हा सरक, दोन्ही धाग्याच्या लांबीच्या दिशेनेच होतात.

म्हणून आपल्या चौकोनाच्या वरच्या-खालच्या कडा स्वच्छ आहेत. तिथे नक्षीचा एक बाणा संपतो आणि दुसरा कोरा बाणा सुरू होतो. नक्षी ताण्यात असती, तर उलटे झाले असते: डाव्या-उजव्या कडा स्वच्छ आणि वरच्या-खालच्या फुटलेल्या. आणि गुजरातमधल्या पाटणच्या पटोळ्यात ताणा-बाणा दोन्ही रंगवलेले असतात, दोन्हींतला लाल नेमका एकमेकांवर यावा लागतो. तिथे चारही कडा किंचित फुटतात. पटोळे विणणारी साळवी घराणी बाराव्या शतकात राजा कुमारपालाने जालन्याहून पाटणला नेली, असे परंपरा सांगते.

[दृश्य: भिंगातून दोन धागे. एक इकतचा, एक छापील कापडाचा.]

हे कळले की छापील नक्कल ओळखणे सोपे जाते. छापील कापडावर फुटलेली कड चितारलेली असते, पण ती एका चौकोनात जशी असते तशीच्या तशी पुढच्या चौकोनातही येते. खऱ्या इकतमध्ये दोन चौकोनांच्या कडा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. शंका राहिली, तर पदराच्या मोकळ्या टोकातून एक आडवा धागा ओढून बघा. छापील कापडाच्या धाग्यावर लाल भागातही बारीक पांढरे ठिपके दिसतात. विणीत जिथे दुसरा धागा त्याच्यावरून गेला होता, तिथे रंग पोहोचलेलाच नसतो. इकतच्या धाग्यावर लाल भाग सलग आणि चहूबाजूंनी लाल असतो. कापडाची उलटी बाजू पाहूनही अंदाज येतो. पण पातळ कापडावरची छपाई आरपार उतरते, म्हणून आमचा भरवसा धाग्यावर जास्त आहे.

[दृश्य: पुण्यातले घर. न्हाणीघरात तीन टब पाण्याने भरलेले.]

आता पहिले धुणे. साडीचा लाल इतका का सुटतो, हे आधी समजून घेऊ. सूत रंगवल्यावर तंतूत न बसलेला, नुसता वर चिकटलेला रंग उरतो. तो काढायला सूत उकळत्या साबणपाण्यात धुवावे लागते आणि नंतर खळबळून काढावे लागते. पाणी, जळण किंवा वेळ कमी पडला की हे धुणे अपुरे राहते आणि उरलेला रंग आपल्या घरी येतो. त्यावर विणकामाची खळ असते. पहिल्या पाण्यात खळ विरघळते आणि तिच्यात अडकलेला रंगही मोकळा होतो. म्हणून पहिले पाणी गढूळ आणि रंगीत असणे स्वाभाविक आहे. त्या पाण्यातला रंग पांढऱ्या सुतावर बसू न देणे हेच खरे काम.

अनेक घरांत नवी साडी मूठभर मीठ घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवतात. हे करू नका. सूत रंगवताना मिठाचा उपयोग होतो, कारण मीठ रंगाला पाण्यातून सुताकडे ढकलते. पण रंग सुताला जोडण्याचे काम मीठ करत नाही, ते रंगवणाऱ्याच्या सोड्याने आणि उष्णतेने त्याच वेळी व्हावे लागते. मिठाच्या पाण्यात सुटा रंग कमी विरघळतो, त्यामुळे पाणी कमी लाल दिसते आणि रंग पक्का झाला असे वाटते. पुढच्या साध्या पाण्यात तो पुन्हा सुटतो. शिवाय रात्रभर भिजताना लाल काठ पांढऱ्या जमिनीवर दाबून बसलेला असतो. मीठ रंगाला सुताकडे ढकलते, म्हणजे इथे पांढऱ्या सुताकडेही ढकलते. व्हिनेगरनेही सुतावरचा रंग पक्का होत नाही.

धुण्याआधी एक चाचणी घ्या. पांढऱ्या सुती रुमालाचा कोरडा कोपरा साडीच्या आतल्या टोकाला लाल काठावर दहा वेळा घासा. मग दुसरा कोपरा ओला करून पिळा आणि त्याच ठिकाणी अर्धा मिनिट दाबून धरा. काळ्यावरही हेच करा. ओल्या कोपऱ्यावर फिकी झाक आली, तर घरी धुवा. कोरड्यावरही रंग उतरला, तर सुटा रंग बराच आहे, जास्त पाणी आणि जास्त वेळा विसळणे लागेल. ओला कोपरा अर्ध्या मिनिटात गडद लाल झाला आणि जमीन मात्र पांढरी असली, तर ही साडी पाण्यात घालू नका, ड्रायक्लीनला द्या. रेशमी इकतलाही पहिल्यांदा ड्रायक्लीनच करा. आणि चाचणी झाली, की साडीचे दोन-तीन ठिकाणचे जवळून फोटो काढून ठेवा.

दिवसही निवडावा लागतो. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये जाड काठ वाळायला दिवस जातो. कापड जितका वेळ ओले, तितका वेळ रंग हलत राहतो. थांबता येत असेल, तर पावसाळा संपू द्या. पाणी खडकवासल्याचे, नळाचे असेल तर अडचण नाही. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असेल, तर साबणाच्या वडीचा साका तयार होऊन सुतावर बसतो, तेव्हा वडी वापरू नका. सौम्य, ब्लीच आणि उजळवणारे घटक नसलेले द्रव डिटर्जंट किंवा रिठ्याचे गाळलेले पाणी घ्या. रिठ्याचे पाणी तपकिरी असते, पांढरी जमीन फार शुभ्र असेल तर डिटर्जंटच बरे.

[दृश्य: साडी पूर्ण उलगडून पहिल्या टबात जाते. हात सतत हलत आहेत.]

साडी साधारण अर्धा किलोची. तिच्यासाठी तीन टब, प्रत्येकी वीस लिटर थंड पाण्याचे, साडी हातात घेण्याआधी भरून ठेवा. हा मुद्दा साधा वाटतो, पण डाग पडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे: पहिल्या पाण्यातून काढलेली साडी फरशीवर गोळा होऊन पडते आणि आपण बादली भरायची वाट बघत बसतो. त्या पाच मिनिटांत लाल पांढऱ्यावर उतरतो.

पहिल्या टबात दोन चहाचे चमचे द्रव डिटर्जंट आधी विरघळवा. डिटर्जंट सुटलेल्या रंगाला पाण्यात तरंगत ठेवते, म्हणून ते पहिल्याच पाण्यात हवे. साडी घडी मोडून, उलगडून आत सोडा आणि तीन-चार मिनिटे सतत खाली-वर करत राहा. घासू नका, आपटू नका, सोडून जाऊ नका. मग उचला, पाणी निथळू द्या आणि लगेच दुसऱ्या टबात घाला. तिथे दोन मिनिटे, मग तिसऱ्यात. तिसऱ्यातले पाणी पांढऱ्या कपात घेऊन बघा. ते रंगीत असेल, तर कोणीतरी पहिला टब रिकामा करून पुन्हा भरेपर्यंत साडी तिसऱ्यातच हलवत ठेवा. गडद लाल असलेल्या साडीला पाच-सहा पाणी लागू शकतात.

पिळू नका. पिळताना एका घडीतला रंग दुसरीत ढकलला जातो. जुन्या पांढऱ्या चादरीवर साडी पसरा, वरून दुसरी चादर घाला, हलके गुंडाळून दाबा आणि मिनिटभरात उघडा. गुंडाळी तशीच ठेवली, तर चादर टिपण्याऐवजी रंग फिरवायला लागते.

[दृश्य: सावलीतली गॅलरी. दोन समांतर दोऱ्यांवर साडी पुलासारखी पसरलेली, दोन्ही लाल काठ खाली लोंबत आहेत.]

वाळवताना ओले थर एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. गॅलरीत साधारण फूटभर अंतरावर दोन समांतर दोऱ्या असतात, त्यांवर साडी लांबीने पसरा. पांढरी जमीन वर येऊ द्या, लाल काठ दोन्ही बाजूंना खाली. पाणी खाली उतरते आणि रंग घेऊन जाते. काठ खाली असला, तर ते काठावरून फरशीवर गळून जाते. लाल काठ वर ठेवला, तर तेच पाणी पांढऱ्यातून ओघळते. जागा सावलीची पण वाऱ्याची हवी, एप्रिल-मेच्या उन्हात रंग फिका पडतो. इस्त्री पूर्ण वाळल्यावर आणि उलट्या बाजूने करा. दमट कापडावर गरम इस्त्री फिरली, तर सुटा रंग शेजारच्या पांढऱ्यात पक्का बसतो.

[दृश्य: धुतलेल्या साडीवर भिंग. शेजारी धुण्याआधीचा फोटो.]

आता वाळलेल्या साडीच्या कडेभोवती गुलाबी दिसते आहे. मागावरची की बादलीतली? ताण्याचे उभे धागे बघा. या साडीच्या जमिनीचा ताणा पांढरा आहे, तो कधी लाल रंगात गेलेलाच नाही. गुलाबी फक्त आडव्या धाग्यांवर, लाल संपतो तिथे एक-दोन मिलिमीटर असेल आणि मधले उभे धागे पांढरे असतील, तर ती मागावरची कड आहे. उभे धागेही गुलाबी झाले असतील, झाक चौकोनाच्या वर-खालीही पसरली असेल, किंवा डाग घडीच्या रेषेवर आरशात दिसल्यासारखा दोन्हीकडे उमटला असेल, तर रंग धुण्यात गेला आहे. फोटोशी ताडून बघितले, की उरलीसुरली शंका मिटते.

डाग ओला असताना दिसला तर वाळू देऊ नका. नवे थंड साबणपाणी घ्या, पुन्हा चार मिनिटे हलवा, पुन्हा विसळा. ताजा रंग नुसता वर बसलेला असतो, दोन-तीन पाण्यांत बराचसा निघतो. ब्लीच वापरू नका, ते डागाबरोबर नक्षीचा रंगही खाते. रंग काढायला काही जण हायड्रो वापरतात. हा पदार्थ सुती रंगकामात रंग विरघळवायलाच वापरतात, त्याने लाल-काळे चौकोनच उतरू शकतात. वाळून, इस्त्री होऊन गेलेला डाग घरी क्वचितच पूर्ण जातो.

मीटरवर घेतलेले इकत असेल, तर शिवायच्या आधी हेच सगळे करा. सुती हातमाग कापड पहिल्या पाण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटते. अडीच मीटरच्या कुर्त्याच्या कापडात हे साडेसात ते साडेबारा सेंटिमीटर होतात, तेव्हा शिंप्याने सांगितलेल्या मापापेक्षा पंधरा सेंटिमीटर जास्त घ्या. धुतलेल्या कापडावर चौकोन कुठे येतात ते शिंप्याला दाखवून द्या, कारण आटण्यानंतर पुढच्या आणि मागच्या भागाची नक्षी जुळवण्याचे माप बदलते. दुसरे आणि तिसरे धुणेही वेगळ्या टबात आणि हातानेच करा. तिसऱ्या वेळी कपातले पाणी पहिल्याच विसळण्यात स्वच्छ आले, तर साडी इतर गडद सुती कपड्यांबरोबर धुवायला हरकत नाही. पांढऱ्या कपड्यांत मात्र ती तेव्हाही घालू नका.